ऑपरेशन झालेल्या जावेची लघवीची तपासणी पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. पुढे काय करावं?

रानजाई (सोमवार, रात्री ९:५०)

नमस्कार. मी बार्शीजवळच्या गावातून लिहितेय. विषय माझ्या धाकट्या जावेचा आहे. वय ३०, दोन मुलं. सहा वर्षांपूर्वी शिबिरात तिचं कुटुंब नियोजनाचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून पाळी अगदी वेळेवर. या वेळी बारा दिवस लांबली, मग तीन दिवस थोडंथोडं काळपट डाग गेल्यासारखं झालं. तिला वाटलं आली पाळी. पण नेहमीसारखी सुटली नाही, म्हणून मी मेडिकलमधून किट आणून लघवी तपासायला लावली. दोन रेषा आल्या. दुसरं किट आणलं, त्यातही दोन.

आज गावातल्या सोनोग्राफीवाल्यांकडे जाऊन आलो. त्यांनी पोटावरून बघितलं आणि कागदावर लिहिलं की गर्भाशयात गर्भ दिसत नाही. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन झालेल्या बाईला कुठले दिवस जातात, किट खोटं निघालं. दीर मेडिकलमधून पाच गोळ्यांचं ते किट घेऊन आलेत, म्हणतात घेऊन टाक, असलं तर पडून जाईल, नसलं तर काय बिघडणार. त्यातून त्यांच्या मनात नको ती शंकाही आलीय, तोंडाने बोलत नाहीत पण कळतं.

जावेच्या पोटात उजव्या बाजूला अधूनमधून ओढल्यासारखं होतं. बाकी ती भाकऱ्या थापतेय, शेळ्या सोडतेय. मला एकच विचारायचंय. किट पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफी रिकामी, यातलं खरं काय धरायचं?

---

सह्यकडा (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, काळजी करू नका. दीड-दोन महिन्यांच्या आत सोनोग्राफीत काही दिसतच नाही, आमच्याकडेही असंच झालं होतं. पंधरा दिवस थांबा आणि मग परत करा. आणि ऑपरेशन फेल झालं असेल तर शिबिरातल्या डॉक्टरवर केस टाका. नळीला मारलेली गाठ सैल पडली की असं होतं. घाईघाईत पन्नास-पन्नास बायकांची ऑपरेशनं उरकतात, मग गाठ कशी नीट बसणार?

---

माळरान (सोमवार, रात्री १०:३२)

नसबंदीनंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं असतं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं असतं, हे कोणी सांगत नाही. माझ्या वेळी आरोग्य केंद्रात सांगितलं होतं म्हणून मी तपासणी करून आलो. तुमच्या दिरांनी ती तपासणी केली होती का?

---

रानजाई (सोमवार, रात्री १०:३६)

दादा, ऑपरेशन दिरांचं नाही, जावेचं झालंय.

---

कुमुदिनी (सोमवार, रात्री १०:४८)

रानजाई, आधी त्या पाच गोळ्या घरातून बाहेर काढा. दिरांना समजावत बसू नका, नुसतं म्हणा की डॉक्टरांनी रक्त तपासल्याशिवाय द्यायच्या नाहीत असं सांगितलंय. मी तेवीस वर्षं उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात काम केलंय, आता निवृत्त आहे. हे मी तळमळीने सांगतेय, कारण याच गोळ्या घेऊन रात्री-बेरात्री आलेल्या बायका मी टेबलावर घेतल्यात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही खरं आहे. किट खोटं नाही आणि सोनोग्राफीही खोटी नाही. गर्भाचं हार्मोन लघवीत उतरलंय म्हणजे गर्भ कुठेतरी आहे. तो गर्भाशयात दिसत नाही. मग तो कुठे आहे, हा प्रश्न अजून तसाच आहे. ऑपरेशन झालेल्या बाईत पहिली शंका नळीची घ्यायची. रिकामं गर्भाशय म्हणजे गर्भ नाही असा अर्थ घरच्यांनी लावला, तिथेच घोळ झाला. कागदावर लिहिणाऱ्यानेही एक ओळ जास्त लिहायला हवी होती, की गर्भ कुठे आहे ते ठरलेलं नाही, पुढची तपासणी करा.

सह्यकडा, तुमचं अर्धं बरोबर आहे. फार लवकर काही दिसत नाही हे खरं. पण पाळीच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाच आठवडे झाले की आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयातली पिशवी दिसायला लागते. पोटावरून केली तर आणखी आठवडाभर जातो. जावेची शेवटची खरी पाळी कधी होती ते नीट मोजा. आता पडलेल्या डागांना पाळी धरू नका. आणि पंधरा दिवस थांबा हा सल्ला साध्या गर्भाला चालतो, इथे नाही. नळी गर्भासाठी बनलेलीच नाही. गर्भाशयासारखी ती ताणत नाही, सहा-सात-आठ आठवड्यांत कधीही फुटू शकते.

उद्या सकाळी बार्शीला जा, आतून सोनोग्राफी होते अशा ठिकाणी. सोबत आधार कार्ड ठेवा, फॉर्म एफ भरून घेतात. त्याच वेळी रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे तेच गर्भाचं हार्मोन, काढायला सांगा. 'पॉझिटिव्ह' एवढंच नको, आकडा हवा. आणि रक्तगटही तपासून घ्या.

आज रात्री तिला चक्कर आली, घाम फुटला, खांदा दुखायला लागला किंवा सारखं संडासला लागल्यासारखं होऊन पोट घट्ट झालं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. खांद्याचं दुखणं लोकांना लक्षात येत नाही. पोटात रक्त साचलं की ते वर छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं.

---

रानजाई (सोमवार, रात्री ११:१०)

गोळ्या मी माझ्या ट्रंकेत ठेवल्यात. तिची शेवटची नीट पाळी धरली तर आज चाळिसावा दिवस. उद्या सातच्या एसटीने निघतो.

---

अबोली_नाशिक (मंगळवार, सकाळी ७:४०)

वाचून रात्री झोप लागली नाही. माझं सिझरच्या वेळी नळ्या बांधून घेतलेलं, तरी तीन वर्षांनी दिवस गेले. मी तर कोणालाच सांगायला तयार नव्हते, घरात काय म्हणतील म्हणून. पण माझा गर्भ गर्भाशयात होता. आम्ही ठेवला. लेक आता चौथीत आहे. म्हणून सांगते, ऑपरेशन फेल म्हणजे नळीतच असणार असं नाही. रानजाई, तुमच्या जावेचंही तसं निघू दे.

---

कुमुदिनी (मंगळवार, सकाळी ९:०५)

अबोली, तुमच्यासारख्या बायका मीही पाहिल्यात आणि ते सांगायलाच हवं. अमेरिकेत दहा हजारांवर बायकांचा ऑपरेशननंतर दहा-दहा वर्षं पाठपुरावा करून १९९६ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात दहा वर्षांत हजारामागे साधारण अठरा-एकोणीस बायकांना दिवस गेले. म्हणजे ऑपरेशन चांगलंच साधन आहे, पण कायमचं कुलूप नाही. जेवढ्या बायकांना दिवस गेले त्यांतल्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा गर्भ नळीत होता. ऑपरेशन न झालेल्या बाईला दिवस गेले तर शंभरात एक-दोघींनाच नळीत राहतो. हा फरक म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण आधी बघून घ्यायचं कारण नक्की आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं. पहिल्या तीन वर्षांत राहिलेले गर्भ बहुतेक गर्भाशयात होते. चौथ्या वर्षापासून पुढे जे राहिले त्यांतले निम्म्याहून जास्त नळीत. तुमचं तिसरं वर्ष होतं, रानजाईंच्या जावेचं सहावं आहे. आणि तिशीच्या आत ऑपरेशन झालेल्या बायकांमध्ये फेल होण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडे तर चोवीस-पंचविसाव्या वर्षीच ऑपरेशन उरकतात. महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळजवळ निम्म्या बायकांचं हे ऑपरेशन झालेलं असतं, मग हजारात अठरा हा आकडाही गावोगावी एखादी बाई दाखवतोच.

---

सह्यकडा (मंगळवार, सकाळी ९:४०)

पण डॉक्टरबाई, मग नळी बांधूनही जातात कसे? गाठ सुटल्याशिवाय?

---

कुमुदिनी (मंगळवार, सकाळी १०:३०)

हे थोडं सावकाश सांगते, कारण हाच गैरसमज सगळीकडे आहे.

पोटावर छोटा छेद देऊन करतात त्या ऑपरेशनात नळीचा मधला भाग उचलून त्याचा फास करतात, दोऱ्याने बांधतात आणि वरचा तुकडा कापून टाकतात. तो दोरा विरघळणाराच वापरायचा असतो. तो काही दिवसांत विरघळला की कापलेली दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि आपापल्या जागी बंद होतात. म्हणजे गाठ सुटणं हे बिघडणं नाही, पद्धतीतच आहे. दुर्बिणीने करतात त्यात नळीचा फास उचलून त्याच्या मुळाशी घट्ट रबरी रिंग चढवतात. रक्त न मिळाल्याने रिंगेवरचा भाग झिजून जातो आणि इथेही टोकं वेगळी होतात.

आता बिघडतं कुठे? कधी ऑपरेशनच्या दिवशीच गर्भ राहिलेला असतो, इतका नवा की कुणाला पत्ता नसतो. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत ऑपरेशन करायचं असतं. अशी बाई महिन्या-दीड महिन्यात कळते आणि तिचा गर्भ बहुधा जागेवरच असतो. कधी नळीऐवजी शेजारचा गर्भाशयाचा दोर पकडला जातो. दोन्ही दिसायला सारखे, आणि घाईत नळीचं झालरीसारखं टोक बघितलं नाही तर चुकतं. कधी रिंग नळीला पूर्ण कवेत घेत नाही. बाळंतपणानंतर नळी सुजलेली असते तेव्हा हे जास्त होतं. या चुका माणसाच्या आहेत, त्या मान्य करायच्या.

पण चार-सहा वर्षांनी जे होतं ते बहुधा वेगळं असतं. गर्भाशयाच्या बाजूच्या टोकाला, म्हातारपणी भिंतीला चीर पडावी तशी, बारीकशी वाट होते. इतकी बारीक की पुरुषबीज निसटून जातं. त्याचं डोकं बाईच्या बीजाच्या विसाव्या हिश्शाएवढं. ते पोटात उतरतं आणि झालरीच्या बाजूने नळीच्या पुढच्या तुकड्यात बीजाला गाठतं. गर्भ तिथे तयार होतो. आता त्याला गर्भाशयाकडे यायचंय आणि वाट बंद आहे. तो आहे तिथेच रुजतो. पुरुषबीज जाईल एवढी फट, पण गर्भ येईल एवढी नाही. ऑपरेशन फेल झाल्यावर नळीत गर्भ का सापडतो, त्याचं उत्तर इथे आहे.

आणि रानजाई, हे दिरांना वाचून दाखवा. सहाव्या वर्षी फट पडते ती नळीच्या जखमेची. बाईच्या वागण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

---

उपकेंद्र_२ (मंगळवार, दुपारी १२:२०)

मी आरोग्यसेविका आहे. डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं सांगितलं त्यात माझी एक भर. गेल्या वर्षी माझ्या भागातल्या बाईने ऑपरेशन होऊनही दिवस गेल्यावर कुणाला न सांगता त्या पाच गोळ्या घेतल्या. रक्तस्राव झाला, मांसाचा तुकडाही पडला. तिला वाटलं सुटले. बारा दिवसांनी पाणी भरताना हौदापाशी बेशुद्ध पडली. गाडी वेळेत मिळाली म्हणून वाचली. पडलेला तुकडा गर्भ नव्हता, गर्भाशयाचं अस्तर होतं, असं नंतर कळलं. तिची नळी तोपर्यंत फुटली होती.

---

कुमुदिनी (मंगळवार, दुपारी १२:४५)

ताई, अगदी हेच. त्या गोळ्या गर्भाशय आकसवतात. नळीतल्या गर्भाला त्या पाडत नाहीत. पण गर्भ कुठेही असला तरी गर्भाशयात अस्तर जाड झालेलं असतं, ते गळतं आणि बाईला वाटतं पडलं. फसवणूक इतकी पक्की असते की सुशिक्षित बायकाही फसतात. नको असलेला गर्भ पाडायची मनाई नाही. साधन फेल झालं हे कारण आपल्या गर्भपात कायद्याने धरलेलंच आहे. पण आधी गर्भ गर्भाशयात आहे हे डोळ्यांनी बघायचं, मग गोळी.

---

रानजाई (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

आलो परत. आतून सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले गर्भाशय रिकामं, अस्तर जाड, बाजूला नक्की सांगता येईल असं काही दिसत नाही. बीटा एचसीजी १,१४० आलं. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. घरी जाऊ दिलं, पण एकटं ठेवू नका म्हणाले, आणि परवा परत रक्त द्यायला बोलावलंय. सासूबाई परत म्हणताहेत, दोनदा रिकामं आलं, आता तरी सोडा.

---

कुमुदिनी (मंगळवार, सायंकाळी ७:१०)

सोडू नका. त्यांनी बरोबर केलंय. एक आकडा एकटा फार काही सांगत नाही, दोन आकड्यांमधला फरक सांगतो. एवढ्या आकड्यावर गर्भ चांगला असेल तर अठ्ठेचाळीस तासांत तो निदान दीडपट व्हायला हवा. सरसर उतरला तर गर्भ आपोआप गळतोय असं बहुधा निघतं. आणि ना धड वाढला ना उतरला, रेंगाळत राहिला, तर नळीची शंका पक्की होते. तरी एक लक्षात ठेवा, नळीतला गर्भही कधी कधी नीट वाढलेला आकडा दाखवतो, म्हणून रक्ताबरोबर परवा सोनोग्राफीही परत हवी.

ही दोन दिवसांची वाट बघणं सगळ्यात अवघड असतं. जावेला जड उचलू देऊ नका. ती रात्री उठली तर तुम्हीही उठा. प्रवासासाठी गाडी कुणाची ते आजच ठरवा.

---

सह्यकडा (बुधवार, सकाळी ८:१५)

मी सोमवारी पंधरा दिवस थांबा म्हणालो, ते मागे घेतो. आमच्याकडे बायकोचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, तिथे ते चाललं. तुमच्याकडे सगळं वेगळं आहे हे कळलं नाही. दिरांशी कुणी पुरुषाने बोलायचं असेल तर मला सांगा, मी फोनवर बोलेन.

---

रानजाई (गुरुवार, रात्री ८:५०)

आकडा १,५२० आला. दीडपट म्हणजे १,७०० च्या वर हवा होता ना? सोनोग्राफीत उजव्या बाजूला, बीजाशयाला लागून पण त्याच्यापासून वेगळी, २.४ सेंटिमीटरची गाठ दिसली. मागच्या बाजूला थोडं पाणी. ठोका नाही. डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं, आम्ही आत्ता इथेच आहोत, जावेला दाखल करून घेतलंय. तिला अजूनही फारसं दुखत नाही. ती विचारतेय, दुखतही नाही तर पोट कशाला फाडायचं?

इथले डॉक्टर म्हणाले की इंजेक्शन देऊनही होऊ शकतं किंवा ऑपरेशन. निवड आमच्यावर सोडलीय. डॉक्टरबाई, काय करू?

---

कुमुदिनी (गुरुवार, रात्री ९:२०)

रानजाई, मी समोर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा. पण दोन्ही वाटांमागचा विचार सांगते, म्हणजे तुम्हाला त्यांना नीट विचारता येईल.

इंजेक्शन मेथोट्रेक्झेटचं असतं. वाढणाऱ्या पेशी त्याने थांबतात. नळी फुटलेली नसावी, ठोका नसावा, गाठ साडेतीन सेंटिमीटरपर्यंत, आकडा पाच हजारांच्या आत, आणि लिव्हर-किडनी ठीक, एवढं असेल तर देतात. त्या मापात जावेचं बसतं. मात्र इंजेक्शन दिलं की काम संपलं असं नसतं. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त द्यायचं, चौथ्यापेक्षा सातव्याचा आकडा निदान पंधरा टक्के खाली यायला हवा, मग तो शून्याला टेकेपर्यंत दर आठवड्याला. चौथ्या दिवशी तर आकडा आधी वाढतोही, आणि लोक घाबरतात. हे पाच-सहा आठवडे चालतं आणि त्या काळातही नळी फुटू शकते. तुमचं गाव सोलापूरपासून किती लांब, रात्री गाडी मिळते का, दर आठवड्याला मजुरी बुडवून यायला जमेल का, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. कागदावर बसणारी बाई घराच्या अंतरामुळे बसत नाही, असं कित्येकदा होतं.

दुसरं असं की जावेला आणखी मूल नकोय. इंजेक्शनने गर्भ विरला तरी ती फट पडलेली नळी तिथेच राहते, पुढे परत हेच होऊ शकतं. दुर्बिणीने नळी काढून टाकली तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात, आणि दुसरी नळीही त्याच वेळी काढायची का हे विचारून घ्या. ते बेत आधीच ठरलेले हवेत, कारण संमतीची सही भूल देण्याआधी होते. मूल हवं असलेल्या बाईला मी हे इतकं सरळ सांगितलं नसतं.

दुखत नाही म्हणून थांबायचं, यावर माझा अनुभव एवढाच की नळी फुटण्याआधी दर वेळी इशारा देत नाही. मागचं 'थोडं पाणी' हे रक्तही असू शकतं.

---

अबोली_नाशिक (गुरुवार, रात्री १०:०५)

रानजाई, तुमच्या जावेला सांगा, मी तिच्यासाठी दिवा लावलाय.

---

माळरान (शुक्रवार, सकाळी ६:५०)

सोमवारी मी प्रश्न नीट न वाचताच लिहिलं, मनाला लागलंय. कसं आहे आता?

---

रानजाई (शुक्रवार, रात्री ९:१५)

झालं. दुपारी दुर्बिणीने ऑपरेशन झालं. जाऊ शुद्धीवर आहे, चहा मागितला, पण अजून फक्त पाण्याचे घोट देताहेत.

डॉक्टरांनी आम्हाला दोघींना बोलावून फोटो दाखवला. डाव्या नळीवर रिंग जागेवर होती, टोकं वेगळी. उजवीकडे रिंग होती, पण टोकांच्या मधली जागा हाताने दाखवली, तिथे टोकं जवळजवळ लागलेली. त्याच्या पुढे नळी जांभळ्या रंगाची, अंगठ्याएवढी फुगलेली. टोकातून रक्त झिरपत होतं. पोटात दीडशे मिली रक्त साचलं होतं. फुटली नव्हती, पण फुटायच्या बेतात होती असं ते म्हणाले. दोन्ही नळ्या काढल्या. नळी तपासायला पाठवलीय, रिपोर्ट आठ दिवसांनी.

आज मला एवढंच दिसतंय की कालपर्यंत जावेला फक्त ओढल्यासारखं होत होतं आणि पोटात दीडशे मिली रक्त होतं. सोमवारी ती भाकऱ्या थापत होती, आणि मी तिच्याकडे बघून म्हणाले होते की हिला काही झालेलं दिसत नाही.

दिरांनी फोटो बघितला. काही बोलले नाहीत. नंतर बाहेरच्या बाकावर बसून रडत होते. शंका गेली का ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

---

सह्यकडा (शुक्रवार, रात्री ९:४०)

देवाची कृपा. आता शिबिरवाल्यांवर दावा करणार ना? रिंग नीट बसली नव्हती हे फोटोत दिसतंच.

---

उपकेंद्र_२ (शुक्रवार, रात्री १०:०५)

सह्यकडा भाऊ, रिंग नळीवरच होती असं त्या सांगताहेत. सहा वर्षांनी टोकं लागली, याला चूक म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात असंच धरलं, की नुसतं ऑपरेशन फेल होणं म्हणजे हलगर्जीपणा नाही. ऑपरेशनच्या आधीच्या संमतीपत्रातही फेल होऊ शकतं हे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. आपण आरोग्यवाल्यांनीही ते मोठ्याने वाचून दाखवायला हवं आणि वाचत नाही, हे मी कबूल करते.

पण रानजाई, सरकारी योजनेतून फेल झाल्याचं अर्थसाहाय्य मिळतं, त्यासाठी कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. २०१३ पासूनच्या योजनेत त्यासाठी तीस हजार ठरले होते. आता किती आहेत ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या. फेल झाल्याचं कळल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज द्यायचा असतो, तो दिवस म्हणजे तुमचं किट पॉझिटिव्ह आलेला दिवस धरा, म्हणजे घोळ होणार नाही. शिबिराचं प्रमाणपत्र, सोनोग्राफीचे तिन्ही रिपोर्ट, रक्ताचे आकडे आणि सोलापूरचं डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. आशाताईंनाही कळवा.

---

अबोली_नाशिक (शनिवार, सकाळी ८:३०)

उपकेंद्र ताई, मला तर कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या वेळचे नव्वद दिवस केव्हाच उलटून गेले.

एक विचारू का डॉक्टरबाई? आता मला कधी पाळी चुकली तर? लेकीच्या बाळंतपणात परत नळ्या बांधल्या होत्या.

---

कुमुदिनी (शनिवार, सकाळी ९:१०)

पाळी आठ दिवस लांबली की किट करा. दोन रेषा आल्या तर त्याच आठवड्यात आतून सोनोग्राफी आणि बीटा एचसीजीचा आकडा. पाळी येऊन गेली तरी ती कमी, काळपट किंवा वेगळी वाटली, तरी किट करा. तुमच्या दोन्ही वेळच्या ऑपरेशनचे कागद डॉक्टरांच्या हातात पहिल्यांदा द्या, नाहीतर बऱ्याच वेळा कुणी विचारतच नाही.

सिझरच्या वेळी नळ्या नुसत्या बांधण्याऐवजी पूर्ण काढून टाकाव्यात का, यावर आमच्यातच एकमत नाही. काही डॉक्टर तसं करतात. रक्तस्राव आणि वेळ थोडा वाढतो, पण गर्भ राहायची शक्यता जवळजवळ उरत नाही. मी निवृत्त व्हायच्या आधी दोन्ही बाजूंनी वाद घातलेत आणि माझं मत आजही पक्कं नाही.

---

रानजाई (पुढच्या शनिवारी, रात्री ९:००)

रिपोर्ट आला. नळीतलाच गर्भ होता. टाके निघाले, जाऊ घरी आहे. सासूबाई तिला दोन महिने पाण्याची घागर उचलू देणार नाहीत म्हणतात.

शिबिराचं प्रमाणपत्र सापडलं. रेशन कार्डाच्या पिशवीत, पोलिओच्या कार्डांच्या खाली घडी घालून ठेवलं होतं. तारीख, नोंदणी क्रमांक आणि शिक्का स्पष्ट आहे. सोमवारी ते घेऊन तालुक्याला जातेय. ट्रंकेतल्या गोळ्या आशाताईंच्या हातात दिल्या.